मामाचा अर्ज आणि चिमुरडीचं पत्र

दिवाळीत बडोद्याला गेलो की एक संध्याकाळ मामाकडे ठरलेली असते. चकली, चहा आणि मामाच्या ऑफिसच्या गोष्टी. गेल्या दिवाळीत मात्र चहा संपायच्या आत मामेबहिणीने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात तिला अजून सगळे ‘चिमुरडी’च म्हणतात, आणि ते तिला अजिबात आवडत नाही.

“दादा, सत्तावीस ठिकाणी पाठवलं. एकाही ठिकाणाहून उत्तर नाही. साधं ‘नको’सुद्धा नाही. तू बघ ना, कुठे चुकतंय.”

बायोडेटा ठीक होता. त्याच्याबरोबर ती जे कव्हर लेटर जोडत होती, ते वाचलं आणि मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मराठी अवतार साधारण असा:

“आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत रिक्त असलेल्या योग्य त्या पदासाठी मी सविनय अर्ज सादर करीत आहे. मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकत असून प्रामाणिक, कष्टाळू व नवीन गोष्टी त्वरित आत्मसात करणारी आहे. मला संधी दिल्यास मी आपल्या संस्थेच्या प्रगतीसाठी सर्वतोपरी प्रयत्न करीन, अशी ग्वाही देते. सोबत बायोडेटा जोडला आहे. कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपल्या अनुकूल उत्तराच्या प्रतीक्षेत.”

“हे कोणी लिहिलं?” मी विचारलं.

तिने काही न बोलता मामाकडे पाहिलं. मामाने चहाचा कप खाली ठेवला. “मी. का? व्याकरणाची एक चूक काढून दाखव.”

चूक नव्हतीच. मामाने पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. गुजरातीत ‘सविनय जणाववानुं के’ने सुरू होणारे अर्ज त्याने हजारांनी वाचले असतील आणि शेकड्यांनी लिहिले असतील. तिथे अर्ज असाच लागतो. अर्ज कोणाचा आहे यापेक्षा तो कोणत्या विषयाचा आहे आणि सोबत कोणते कागद आहेत, हे टेबलामागच्या माणसाला हवं असतं. सगळे अर्ज सारखे दिसले तर त्याचं काम सोपं होतं. मामाला स्वतःची नोकरी अशाच एका अर्जावर लागली होती. त्यामुळे लेकीच्या पहिल्या नोकरीसाठी त्याने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते दिलं होतं. हे लक्षात आल्यावर मी जरा जपून बोलायचं ठरवलं.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि गेली काही वर्षं आमच्या टीमसाठी नवीन मुलामुलींचे अर्ज चाळायचं काम माझ्याकडे येतं. त्यात काय होतं ते सांगतो. कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतींत किंवा मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर हे पत्र बहुतेक वेळा कोणी उघडत नाही. तिथे परीक्षा, गुण आणि बायोडेटा यांवर गाडी चालते. अशा ठिकाणी पत्रावर रात्र घालवू नका. पण छोटी कंपनी असेल, जाहिरातीत एखाद्या माणसाचा ई-मेल पत्ता दिला असेल, किंवा तुम्ही ओळखीतून थेट कोणाला लिहीत असाल, तर ते पत्र एक माणूस वाचतो. दिवसभराचं काम संपवून, शेजारी तीस-चाळीस बायोडेटा उघडे ठेवून तो वाचतो. ते सगळे बायोडेटा एकसारखे असतात: तेच विषय, त्याच भाषा, तेच दोन-तीन प्रोजेक्ट. आता यातल्या कोणाशी अर्धा तास बोलावं, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

चिमुरडीला ज्या कंपनीत मनापासून जायचं होतं ती अशीच होती. अहमदाबादची, वीस-पंचवीस माणसांची, दवाखाने आणि औषधाच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. तिथला अर्ज अजून जायचा होता. अठ्ठाविसावा.

मी तिला म्हटलं, “तुझ्या पत्रातल्या एकेका वाक्यावर बोट ठेव आणि सांग, हे वाक्य तुझ्या वर्गातली दुसरी कोणतीही मुलगी जसंच्या तसं पाठवू शकेल का? शकत असेल तर खोड.”

तिने खोडायला सुरुवात केली. प्रामाणिक, कष्टाळू: गेलं. आत्मसात करणारी: गेलं. ग्वाही गेली, सहानुभूती गेली. शेवटी उरलं तिचं नाव आणि फोन नंबर. ती हसली, पण मामा हसला नाही. “म्हणजे मुलीने प्रामाणिक आहे असं लिहायचंच नाही?”

“मामा, तुमच्या कचेरीत कोणी ‘मी प्रामाणिक आहे’ असं लिहून दिलं म्हणून तुम्ही कधी फाइल न तपासता सोडलीत का?”

“छे! उलट जास्त तपासली असती.”

मग आम्ही जाहिरात उघडली. हे काम बहुतेक मुलं करत नाहीत. जाहिरात वाचतात ती पगार आणि गाव यांपुरती. त्या जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या. पायथन यायला हवं, पोस्टग्रेस हा डेटाबेस माहीत हवा, आणि दुकानदारांशी फोनवर बोलून त्यांची अडचण समजून घेता यायला हवी. खाली सही होती कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांची, आणि त्या बाई होत्या. आमचं पत्र सुरू होत होतं ‘रिस्पेक्टेड सर’ने. चिमुरडीने कपाळाला हात लावला. (मी फार हसलो नाही. पदवीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी एका कंपनीला जे पत्र पाठवलं होतं त्यात दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलं होतं. ‘आपल्या कंपनीविषयी मला फार पूर्वीपासून आदर आहे’ या वाक्यात.)

“आता या तीन गोष्टींपैकी तू काय केलं आहेस ते सांग,” मी म्हटलं.

“विशेष काही नाही रे. कॉलेजचे प्रोजेक्ट. आणि तुझ्या बाबांच्या दुकानाचं ते.”

दांडिया बाजारजवळ माझ्या बाबांचं औषधाचं छोटं दुकान आहे. मी बीई होऊन बारा वर्षं झाली. त्या दुकानासाठी मी आजवर एक ओळ कोड लिहिलेला नाही. हिने तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत बाबांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता, एवढं मला घरच्या फोनवर कळलं होतं. तिच्या बायोडेटात त्याची नोंद होती एका ओळीची: ‘पायथन वापरून इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सिस्टिम.’ ही ओळ वाचून कोणाला काय कळणार? अशा सिस्टिम्स निम्म्या वर्गाने केलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच ठिकाणाहून उतरवलेल्या.

“नीट सांग. बाबांना काय हवं होतं?”

मग गोष्ट बाहेर आली. औषधाच्या दुकानात कोणत्या मालाची मुदत कधी संपते यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. मुदत जवळ आलेला माल वेळेत घाऊक व्यापाऱ्याकडे परत गेला तर त्याचे पैसे वळते होतात. वेळ चुकली की तोटा दुकानदाराच्या माथी. बाबा हे वहीत लिहायचे. हिने सहाशे चाळीस औषधांच्या नोंदी संगणकात भरल्या आणि ज्यांची मुदत आधी संपते ती वर, अशी यादी करून दिली. पहिल्याच सोमवारी बाबांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “अगं, ही सगळ्यात वरची पट्टी तर पुढच्याच्याही पुढच्या वर्षीची आहे. ती वर कशी?”

औषधाच्या पट्टीवर मुदत महिना आणि वर्ष अशी छापलेली असते. हिने ती तशीच, म्हणजे साधी अक्षरं म्हणून भरली होती. संगणक अक्षरं डावीकडून एकेक ताडून पाहतो. त्यामुळे ‘०१/२०२७’ हे ‘०८/२०२५’च्या आधी आलं, कारण शून्य-एक हे शून्य-आठच्या आधी येतं, वर्षापर्यंत तो पोचलाच नाही. जानेवारीचा सगळा माल वर आणि ऑगस्टमध्ये खरोखर संपणारा माल खाली कुठेतरी. हिने मग वर्ष आधी येईल अशा पूर्ण तारखा करायचं ठरवलं. पण तारीख पूर्ण करायची तर दिवस कोणता धरायचा? तिने एक तारीख धरली. त्यावर बाबांनी पुन्हा अडवलं: पट्टीवर ऑगस्ट लिहिलं असेल तर औषध ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. एक तारीख धरली तर चांगला माल महिनाभर आधीच बाद दिसणार. मग तिने प्रत्येक महिन्याचा शेवटचा दिवस घेतला, फेब्रुवारीचा अठ्ठावीस-एकोणतीसचा घोळही निस्तरला.

मी ऐकत राहिलो. मला एवढंच वाटत होतं की ही मुलगी हे सगळं सत्तावीस लोकांपासून लपवून बसली होती, आणि त्याऐवजी त्यांना ‘त्वरित आत्मसात करणारी’ असं सांगत होती.

“पण दादा, ही तर माझी चूक झाली ना? चूक कोण पत्रात लिहितं?”

माझ्या मते त्या पत्राचा जीवच या प्रश्नात होता. ज्याने खरोखर काम केलेलं असतं त्याच्याकडे बिघडल्याची गोष्ट असतेच. उतरवलेल्या प्रोजेक्टला बिघाड नसतो, म्हणून त्याच्यावर बोलताही येत नाही. वाचणाऱ्याला तुमची चूक वाचून तीन गोष्टी कळतात: वापरणारा खरा होता, त्याचं तुम्ही ऐकलंत, आणि कारण शोधून ते दुरुस्त केलंत. अट एकच, चूक पूर्ण झालेली हवी. अजून न सुटलेला गोंधळ पत्रात लिहायचा नाही, आणि आळसाची चूकही नाही. ‘मी बॅकअप घेतला नव्हता’ हे खरं असलं तरी पहिल्या भेटीत सांगायची गोष्ट नव्हे.

मी म्हटलं, आता तू लिही. मी बाहेर फटाके बघायला गेलो. तासाभराने तिने जे दाखवलं ते दुसऱ्या टोकाला गेलं होतं. ‘मला कोडिंगचं लहानपणापासून वेड आहे. या पदासाठी माझ्याइतकं योग्य कोणी नाही याची मला खात्री आहे.’ त्यापुढे बाबांचं दुकान, आजीचा मधुमेह, आजीसाठी औषधं आणायला जाताना दुकानात बसायची सवय, अशी दीड पानं. शेवटी ‘माझ्या प्रणालीमुळे दुकानाचा तोटा ४० टक्क्यांनी घटला.’

आत्मविश्वास म्हटला की मुलं हे करतात. आधी वाकून लिहितात, आणि ताठ लिही म्हटलं की छाती काढतात. दोन्हीकडे विशेषणंच, फक्त आधी नम्र होती, आता मोठी झाली. ‘माझ्याइतकं योग्य कोणी नाही’ हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं, बाकीचे अर्ज तिने पाहिलेले नाहीत. आजीचा मधुमेह खरा होता, पण त्या बाईंना त्याचं काय करायचं? पत्र व्यक्तिगत करायचं म्हणजे घरचं सांगायचं असं तिला वाटलं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात फक्त असं असावं जे तिने स्वतः केलं आहे आणि जे त्या कामाला लागतं.

आणि ते चाळीस टक्के? “कशावरून काढलेस?”

“अंदाजे.”

“मुलाखतीत त्यांनी आधीचा तोटा किती होता असं विचारलं तर?”

ती गप्प. तिथून बाबांना फोन लावला. बाबांनी वही काढली. प्रोग्रॅम नीट चालू झाल्यावरच्या तीन महिन्यांत त्यांनी तेवीस औषधं वेळेत परत केली होती. त्याआधीचा हिशेब नीट लिहिलेला नव्हता. मग तेवीसच लिहायचं. चाळीस टक्क्यांपुढे तेवीस औषधं फार लहान दिसतात असं तिला वाटत होतं. पण तेवीसवर कितीही प्रश्न आले तरी उत्तर आहे, कारण ती वहीत आहेत.

पोस्टग्रेसचा प्रश्न उरला होता. ते तिला येत नव्हतं. तिने एसक्यूलाइट वापरलं होतं. तोही डेटाबेसच, पण एका फाइलीत मावणारा. बऱ्याच मुलांना अशा वेळी दोन मार्ग दिसतात: येतं म्हणून ठोकून द्यायचं, किंवा ‘मला अनुभव नाही, तरी संधी द्यावी’ म्हणून माफी मागायची. मी तिला म्हटलं, जाहिरातीची मुदत अजून आठवडाभर आहे, तोवर दोन संध्याकाळी काढ आणि तोच प्रोग्रॅम पोस्टग्रेसवर चालवून बघ. तिने चालवला. त्यात तिला एक गंमत सापडली. एसक्यूलाइटमध्ये रकान्याला तारीख असं नाव दिलं तरी त्यात तो काहीही भरू देतो. पोस्टग्रेसच्या तारखेच्या रकान्यात तिने मुद्दाम नुसतं महिना-वर्ष टाकून पाहिलं, तर त्याने नोंद घ्यायलाच नकार दिला. म्हणजे सुरुवातीपासून तिथे काम केलं असतं तर ती चूक पहिल्या दिवशीच पकडली गेली असती. हे कळल्यावर ‘येत नाही’ हे सांगणं तिला एकदम सोपं झालं.

चौथ्या खर्ड्यानंतर जे पत्र गेलं ते इंग्रजीत पाऊण पानाचं होतं. त्याचा आशय असा, सुरुवातीला त्या बाईंचं नाव:

“ज्युनिअर डेव्हलपरच्या जागेसाठी लिहीत आहे. मागच्या सुट्टीत मी बडोद्यातल्या एका औषधाच्या दुकानासाठी मुदत संपत आलेल्या मालाची यादी देणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. दुकान माझ्या आत्याच्या घरचं आहे. सहाशे चाळीस औषधांच्या नोंदी त्यात आहेत आणि दुकानदार तो आजही दर सोमवारी उघडतात.

पहिल्या आठवड्यात यादी चुकीची येत होती. पट्टीवरची मुदत मी महिना-वर्ष अशी अक्षरांत साठवली होती, त्यामुळे जानेवारी २०२७चा माल ऑगस्ट २०२५च्या आधी दिसत होता. दुकानदारांनी हे दाखवलं. मी सगळ्या नोंदी पूर्ण तारखांमध्ये बदलल्या. दिवस कोणता धरायचा हेही त्यांच्याकडूनच समजून घेतलं आणि महिन्याचा शेवटचा दिवस घेतला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत दुकानाने तेवीस औषधं वेळेत परत केली.

हे काम मी एसक्यूलाइटवर केलं आहे. पोस्टग्रेसवर मी नवी आहे. या आठवड्यात हाच प्रोग्रॅम त्यावर हलवला, आणि तारखेचा रकाना नीट घोषित केला असता तर ती चूक सुरुवातीलाच थांबली असती, हे लक्षात आलं.

तुमच्या जाहिरातीत दुकानदारांशी बोलण्याचा उल्लेख आहे. मी गुजराती, हिंदी आणि मराठीत सहज बोलते, आणि त्या दुकानाच्या काउंटरवर बसून त्यांची अडचण समजून घेतली आहे. माझी शेवटची परीक्षा मे महिन्यात संपते. जूनपासून पूर्ण वेळ काम करू शकेन. प्रोग्रॅम चालवून दाखवायला दहा मिनिटं पुरतील; शनिवारी कधीही, इतर दिवशी चारनंतर मी मोकळी असते.”

यात ‘कृपया विचार व्हावा’ नाही, आणि ‘मीच योग्य’ही नाही. बाबांचं दुकान नात्यातलं आहे हे लिहायचं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं लिही. नंतर विचारल्यावर निघालं तर लपवल्यासारखं होतं, आणि नात्यातला दुकानदार काही कमी कटकट्या नसतो, माझ्या बाबांना तर मी ओळखतो.

भाषांचं वाक्य तिला सुचलंच नव्हतं. आपल्याकडे तीन भाषा बोलता येणं ही पाणी पिण्यासारखी गोष्ट, ती कोणी बायोडेटात तळाला लिहितो तेवढीच. पण जिथे गुजरातमधल्या दुकानदारांचे फोन घ्यायचे आहेत तिथे ती कामाची गोष्ट आहे. त्याच बडोद्याच्या मुलीने बंगळूरच्या एखाद्या गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहिताना हे वाक्य घातलं तर ते फुकटचं ठरेल. म्हणून हे पत्र दुसरीकडे जसंच्या तसं पाठवता येत नाही. मधला परिच्छेद राहतो, पण पहिलं वाक्य आणि शेवटचा परिच्छेद प्रत्येक जाहिरात वाचून नव्याने लिहावा लागतो. तिचा हिशेब झाला: एका पत्राला सुमारे दीड तास. आठवड्याला तीन पत्रं, त्याहून जास्त नाही.

आता मामा. पत्र वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “विनंती कुठेच नाही. मोठ्या माणसाला लिहिताना असं? उर्मट वाटेल.”

चिमुरडी म्हणाली, “बाबा, त्यांचं नाव लिहिलंय, त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर दिलंय, त्यांचा वेळ दहा मिनिटांच्या वर मागितला नाही. अजून कसा मान द्यायचा?”

मामाला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्याने पत्र छापून मागितलं. चष्मा लावला, लाल पेन काढलं, आणि पस्तीस वर्षांची सवय कामाला लागली. पाच मिनिटांत त्याने कागद परत दिला. सहीखालच्या फोन नंबरला लाल गोल होता. नऊच आकडे होते. मी चार वेळा वाचलं होतं, तिने दहा वेळा. “आणि हे सोबत जोडलं आहे म्हणतेस त्या फाइलचं नाव नुसतं ‘रिझ्युमे फायनल टू’ काय? आमच्याकडे असा कागद दुसऱ्या दिवशी हरवला असता. नाव, पद घाल.” तेही बरोबर होतं. तो नऊ आकडी नंबर आधीच्या सत्तावीस पत्रांत होता की नाही, हे तपासायला तिने लॅपटॉप उघडला आणि मग मीच तिला म्हटलं की दिवाळी आहे, राहू दे.

पत्र ई-मेलमध्येच लिहून पाठवलं, वेगळी फाइल जोडून नाही. जोडलेली फाइल उघडायचा कंटाळा मलाही येतो. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि ‘बडोद्यातल्या औषधाच्या दुकानासाठी मुदतीची यादी’ एवढंच. सोबत बायोडेटा पीडीएफमध्ये. त्यातली वडिलांचं नाव, धर्म आणि वैवाहिक स्थिती ही ओळही मामाच्या देखत काढली. त्यावर मात्र तो काही बोलला नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं, शनिवारी अकरा वाजता बोलू या म्हणून. त्या बाईंनी अर्ध्या तासातली वीस मिनिटं तारखांवरच घालवली. एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या मुदतींच्या पट्ट्या दुकानात असतील तर काय करशील, असं विचारलं. याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. बाबांच्या दुकानात ते रोज होतं, पण तिच्या प्रोग्रॅममध्ये एका औषधाला एकच मुदत भरता येत होती. तिने तसं सांगितलं आणि वहीवर दोन रकाने काढून कसं बदलेन ते दाखवलं. दुसरी फेरी झाली आहे, निकाल यायचा आहे. ती नोकरी लागेल की नाही मला ठाऊक नाही. एवढं मात्र झालं की त्याच रविवारी ती बाबांच्या दुकानात बसून एकाच औषधाच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या भरत होती, आणि बाबा तिला सांगत होते की आता जुनी पट्टी आधी विकायची, हेही तुझ्या मशीनने मला सांगायला हवं.